प्रकल्प नोंदी : तिच्या वाढदिवसाचा मेसेज

२२ नोव्हेंबर, जळगाव

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो म्हणजे नंतर भरकटायला नको. १२ डिसेंबरला तिचा वाढदिवस. आम्ही एकाच अभ्यासिकेत बसतो, एमपीएससीच्या कम्बाइन परीक्षेची तयारी करतोय, आमचा सहा-सात जणांचा ग्रुप आहे, चहाला सोबत जातो, नोट्सची देवाणघेवाण चालते. मला ती आवडते. तिला हे माहीत नाही आणि आत्ता सांगायचंही नाहीये, तिची परीक्षा डोक्यावर आहे, माझी पण. तर मेसेज असा पाहिजे की वाचून तिला छान वाटलं पाहिजे आणि नंतर तिच्या डोक्यात काही शिल्लक राहायला नको. "ह्याला नेमकं काय म्हणायचंय" असा विचार करत ती दिवसभर बसली तर मेसेज फसला, मग भाषा कितीही गोड असो.

म्हणून दोन परीक्षा ठरवल्यात. पहिली, तिने फक्त "थँक यू" लिहून फोन बाजूला ठेवला तर मेसेज पूर्ण वाटला पाहिजे, काहीतरी अर्धवट लटकलंय असं नको. दुसरी, शेजारच्या मैत्रिणीने किंवा तिच्या आईने स्क्रीनवर डोकावलं तर तिला एका शब्दाचाही खुलासा करावा लागायला नको. दुसरी परीक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते कारण ती धुळ्याकडची, हॉस्टेलला राहते, सुट्टीत घरी जाते तेव्हा फोन काय एकटीच्या हातात नसतो, लहान भाऊ घेतो, मावशी घेते. वाढदिवसाच्या दिवशी तर जास्तच.

२४ नोव्हेंबर

पहिला मसुदा, मनात येईल तसा लिहून काढला, एक शब्द न खोडता:

"हॅपी बर्थडे! खरं तर खूप काही बोलायचंय पण आज नको, कधीतरी नक्की सांगेन. तू आल्यापासून अभ्यासिकेत यायला एक कारण मिळालंय. तुझ्यासारखी फक्त तूच. कायम अशीच हसत राहा, कधीच बदलू नकोस. आज काय प्लॅन? संध्याकाळी भेटूया का?"

ह्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण तिच्या जागेवर बसून एकेक वाक्य वाचलं.

"कधीतरी सांगेन" हे सगळ्यात जड वाक्य आहे. सांगितलं काहीच नाही पण सांगणार आहे एवढं कळवलं, म्हणजे आता ती वाट बघणार, नाहीतर टाळायला लागणार. उघड सांगितलं तर समोरच्याला निदान हो-नाही म्हणता येतं, सूचक बोलण्याला नाही पण म्हणता येत नाही, कारण विचारलंच काय होतं? म्हणून सूचकपणा हा मला उघड कबुलीपेक्षा जास्त दबावाचा वाटतो.

"यायला कारण मिळालं" ह्यात माझ्या अभ्यासाची जबाबदारी नकळत तिच्यावर गेली. उद्या ती पुण्याला क्लासला निघून गेली तर? तिला आपण कोणाचं तरी नुकसान करतोय असं वाटलं पाहिजे का? "कायम हसत राहा, बदलू नकोस" हे सगळेच लिहितात पण मागच्या महिन्यात ती टेस्टच्या मार्कांवरून आठवडाभर गप्प होती, हसत नव्हती, आणि तेव्हाही ती तीच होती.

आणि शेवटचा प्रश्न. वाढदिवसाच्या दिवशी संध्याकाळचा प्लॅन विचारला की तिला सगळा हिशोब द्यावा लागतो, यायचं नसेल तर कारण शोधावं लागतं, आणि शुभेच्छा देणाऱ्याला नाही म्हणायला माणसाला अवघड जातं. तिला जड जाणारा प्रश्न नेमका तिच्याच दिवशी का विचारायचा. प्रश्नचिन्ह मेसेजमध्ये एकही नको, हे पक्कं.

२५ नोव्हेंबर

छोटी नोंद. मसुदे तिच्या चॅटच्या खिडकीत टाइप करायचे नाहीत. तिने तेवढ्यात चॅट उघडली असेल तर वर "टायपिंग…" दिसतं, थांबतं, परत दिसतं, आणि चुकून पाठवायचं बटण दाबलं गेलं तर विषयच संपला. व्हॉट्सअॅपला स्वतःलाच मेसेज करता येतो, तिथे लिहितोय. तो एक फायदा पण आहे की मेसेज हिरव्या चौकटीत कसा दिसेल, किती ओळी भरतील ते तिथेच कळतं.

२८ नोव्हेंबर

आज एकदम दुसऱ्या टोकाचा मसुदा:

"वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपणास उदंड आयुष्य व उत्तम आरोग्य लाभो हीच सदिच्छा."

हे चौकातल्या फ्लेक्सवर चालतं. दबाव नाही, बरोबर, पण आम्ही रोज बोलतो आणि रोज बोलणाऱ्या माणसाने अचानक "आपणास" म्हटलं तर तिला वाटेल माझं काही बिनसलं का. म्हणजे कोरडेपणानेही तिला विचार करायला लागतोच.

मग मधला सूर सापडणार कुठे, तर आमच्याच चॅटमध्ये. मागच्या महिन्याभराचं बोलणं वर सरकवत वाचलं. माझे मेसेज साधारण दोन-तीन ओळींचे असतात, विषय बहुतेक अभ्यासाचा, मध्ये एखादा टोमणा, इमोजी क्वचित. ती पण तशीच लिहिते, फक्त "अरे" फार वापरते. तर वाढदिवसाचा मेसेज ह्या रोजच्या मापापेक्षा थोडाच मोठा पाहिजे, चार ओळी, पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. रोज दोन ओळी लिहिणाऱ्याने एकदम पान भरून पाठवलं तर मजकूर काहीही असो, ती लांबीच बोलते.

घरी ती अहिराणी बोलते, फोनवर आईला "कशी शे?" विचारते तेव्हा ऐकलंय, फार गोड वाटतं. एक मन म्हणालं शुभेच्छा अहिराणीत द्याव्यात. पण मी फैजपूरकडचा, आमच्याकडे लेवा बोली, आणि आम्ही दोघं आपसात कधीच अहिराणीत बोललेलो नाही. तिच्या घरातली बोली उचलून तिलाच लिहायची म्हणजे बोलावलं नसताना ओट्यावर जाऊन बसल्यासारखं होईल. नको. आम्ही जसं बोलतो तसंच.

१ डिसेंबर

आज मुद्द्याचं काम झालं. शुभेच्छा तर सगळेच देणार, मग माझ्या मेसेजमध्ये माझं असं काय? तिच्याबद्दलची एखादी खरी, छोटी, आमच्या दोघांत घडलेली गोष्ट पाहिजे. स्वभावाचं वर्णन नको, "तू खूप गोड आहेस" टाइप, कारण गोड आहेस ह्यावर ती काय बोलणार, आणि ते तिला दहा जण लिहितील. रूपाबद्दल तर अजिबात नको. तिने केलेली गोष्ट पाहिजे.

अशी एक आहे. दिवाळीच्या आधी मला तापीच्या उपनद्या लक्षात राहत नव्हत्या, जळगाव जिल्ह्यात जन्म घेऊन. ती म्हणाली आण इकडे, आणि जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिने पेनाने एक आडवी रेघ मारली, पूर्वेकडून पश्चिमेकडे, ती तापी. मग खालून म्हणजे दक्षिणेकडून येऊन मिळणाऱ्या नद्या एकामागोमाग एक, पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. पूर्णेच्या संगमापाशी चांगदेव लिहिलं, पांझरेच्या संगमापाशी मुडावद, आणि प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर गोल करून खाली ओळ लिहिली, पू वा गि बो पां बु. म्हणे हे तीनदा मोठ्यांदा म्हण. अभ्यासिकेत मोठ्यांदा बोलता येत नाही म्हणून बाहेर जिन्यात उभं राहून म्हटलं. मागच्या टेस्टला उपनद्यांचा पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रम लावायचा प्रश्न आला आणि मला विचार करावा लागला नाही.

तिसरा मसुदा ह्याच्यावर:

"हॅपी बर्थडे! तू काढून दिलेला तापीचा नकाशा मी अजून जपून ठेवलाय, भूगोलाच्या पुस्तकात पहिल्या पानावर. रोज दिसतो. तुला खूप खूप शुभेच्छा."

३ डिसेंबर

ताई भुसावळहून आली होती. तिला सगळं माहीत आहे, एकटीला. मसुदा दाखवला. तिने वाचला, परत वाचला आणि विचारलं, "अरे भाऊ, ह्या 'जपून ठेवलाय'वर ती काय म्हणीन?"

मी म्हटलं काही नाही म्हणणार, थँक यू म्हणेल.

"नाही म्हणीन असं. तिने तुला नद्या शिकवल्या, तू तिला सांगतोय का कागद सांभाळला. तिची गोष्ट राहिली बाजूला, तुझीच सुरू झाली. तिच्या नकाशाचं काय झालं ते सांग ना, कागदाचं कशाला सांगतो?"

हे इतकं नेमकं होतं की लगेच लिहून घेतलं. नकाशा तिने काढला, त्याने प्रश्न सुटला, ही तिच्या हुशारीची गोष्ट आहे, वाचून तिला स्वतःबद्दल बरं वाटेल. जपून ठेवला, रोज बघतो, ही माझ्या भावनेची गोष्ट आहे आणि ती वाचली की त्या भावनेचं काय करायचं हे तिला ठरवावं लागतं. आठवण तीच, फक्त वाक्य कोणाकडे तोंड करून उभं आहे ते बघायचं. तिने काय केलं आणि त्याचा काय उपयोग झाला इथपर्यंत लिहायचं. त्या आठवणीचं मी नंतर काय केलं ते माझ्याकडे ठेवायचं.

ताईने अजून एक सांगितलं, "खूप खूप" काढ, एकदाच म्हण. काढलं.

५ डिसेंबर

वेळेचा विचार. रात्री बारा वाजता पाठवायचा नाही. बाराच्या ठोक्याला पहिला नंबर लावणं हा आमच्याकडे हक्काचा भाग झालाय, घरचे, जिवलग मैत्रिणी, आणि जिथे काहीतरी आहे ते. त्या रांगेत मी घुसलो की तिच्या रूममेटच विचारतील हा कोण. शिवाय ती साडेदहाला झोपते, सकाळी सातला अभ्यासिकेत असते.

दिवसा पाठवायचा तर अजून एक अडचण, आम्ही एकाच हॉलमध्ये बसतो. मी इथून पाठवला आणि ती समोरच्या टेबलावर वाचतेय, तर वाचता वाचता तिला चेहरा सांभाळावा लागेल, माझ्याकडे बघायचं की नाही ते ठरवावं लागेल. मेसेज माणूस एकटा असताना मिळाला तर हवं तसं हसता येतं नाहीतर नुसतं पुढे सरकवता येतं. म्हणून सकाळी साडेसहाच्या सुमारास, ती आवरत असते तेव्हा. नंतर अभ्यासिकेत सगळ्यांसोबत तोंडी "हॅपी बर्थडे" म्हणायचं, बाकीचे म्हणतील तेवढंच, आणि "मेसेज बघितला का" हे विचारायचं नाही, त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

स्टेटसला तिचा फोटो ठेवणार नाही. ग्रुपमधले दोघं ठेवतील, ठेवू देत. वेगळं गिफ्ट पण नाही, केकची वर्गणी निघेल त्यात सगळ्यांइतके पैसे. महागडी वस्तू हातात आली की परत काहीतरी देण्याचं ओझं येतं.

८ डिसेंबर

रूम पार्टनरला काय चाललंय ते कळलं. त्याचं पण एक प्रकरण आहे, त्याच्या कॉलेजातली एक मुलगी, तिचा वाढदिवस जानेवारीत. म्हणाला "काय भो, मला पण असाच बनवून दे ना, नद्या काढून दुसरं काहीतरी टाक."

त्याला बसवून विचारलं, तुम्ही बोलता किती? तर क्लासच्या ग्रुपवर दोन-चारदा, वैयक्तिक मेसेज एकदा, तिने उत्तर दिलं होतं "ओके". मग त्याला स्पष्ट सांगितलं की तुला हा मेसेज लागू नाही. आमच्यात रोजचं बोलणं आहे म्हणून आठवण लिहिता येते. जिथे तेवढी ओळख नाही तिथे आठवण लिहिली की तिला वाटणार हा माझ्यावर लक्ष ठेवून आहे. त्याने ग्रुपवर सगळ्यांच्या सोबत एक ओळ टाकावी, "हॅपी बर्थडे, मजा कर", बास, आणि वैयक्तिक काही नाही. आणि जिथे मुलीने आधीच अंतर राखलंय, उत्तरं द्यायची थांबवलीत, किंवा सरळ सांगितलंय, तिथे वाढदिवस हे परत दार वाजवायचं निमित्त होत नाही. तिथे गप्प बसणं हीच शुभेच्छा.

त्याला ते जड गेलं, मला दिसलं. पण थोड्या वेळाने म्हणाला बरोबर आहे, चल चहा पाज.

१० डिसेंबर

जवळपास शेवटचा मसुदा:

"हॅपी बर्थडे! तुझ्या पू वा गि बो पां बु मुळे मागच्या टेस्टला उपनद्यांचा प्रश्न एका झटक्यात सुटला, आणि आता खिडकीजवळचे दोघं पण तेच पाठ करून फिरतायत. शिकवतेस तू भारी. हे वर्ष तुला मनासारखं जावो, आणि पोस्टपण मिळो. आज चालू घडामोडींना सुट्टी, केक निवांत खा."

दोन गोष्टी खटकतायत. "पोस्टपण मिळो" हे प्रेमाने लिहिलंय पण स्पर्धा परीक्षा देणाऱ्याला वाढदिवसाला पण तेच ऐकायला लागतं, काका, मामा, शेजारी सगळे "यंदा साहेबीण होऊनच ये" म्हणतात. तो पण दबावच, माझ्या भावनेचा नसला तरी. "मनासारखं जावो" ह्यात ते आलंच, पाहिजे तर ती घालेल. काढलं.

दुसरं "शिकवतेस तू भारी". हे कौतुक आहे, पण तिने केलेल्या कामाचं आहे आणि मी हे तिला तोंडावर, सगळ्यांसमोर आधी बोललोय. नवीन काही उघड होत नाही. ठेवलं. हीच कसोटी बाकीच्या वाक्यांना पण लावली, जे चहाच्या टपरीवर पाच जणांत म्हणता येतं तेच ह्यात आहे का. आहे.

इमोजी एक, केकचा. बदाम कुठल्याच रंगाचा नाही, कारण लाल नाही पिवळा आहे म्हणजे मैत्रीचाच आहे असा अर्थ तिला लावत बसायला नको.

११ डिसेंबर

खिडकीजवळच्या दोघांना विचारून खात्री केली की ते खरंच पाठ करतायत, कारण मेसेजमधली गोष्ट शंभर टक्के खरी पाहिजे. एकाने म्हणून दाखवलं, बोरी आणि गिरणा उलटसुलट केलं, पण म्हटलं. चालतंय.

आणखी एक, पाठवल्यावर दुरुस्त्या नाहीत. पंधरा मिनिटांच्या आत एडिट करता येतं पण खाली तशी खूण राहते, डिलीट केला तर "हा मेसेज डिलीट केला" अशी पट्टी राहते, आणि ती पट्टी कुठल्याही मजकुरापेक्षा जास्त विचार करायला लावते. म्हणून आजच मोठ्यांदा वाचून शुद्धलेखन तपासलं.

१२ डिसेंबर

सकाळी ६.३५ ला पाठवला. जसाच्या तसा:

"हॅपी बर्थडे! तुझ्या पू वा गि बो पां बु मुळे मागच्या टेस्टला उपनद्यांचा प्रश्न एका झटक्यात सुटला, आणि आता खिडकीजवळचे दोघं पण तेच पाठ करून फिरतायत. शिकवतेस तू भारी. हे वर्ष तुला मनासारखं जावो. आज चालू घडामोडींना सुट्टी, केक निवांत खा. 🎂"

फोन रूमवर चार्जिंगला ठेवून अभ्यासिकेत गेलो, म्हणजे ब्लू टिक बघत बसायला नको. साडेदहाला जिन्यात केक कापला, सगळ्यांनी म्हटलं, मी पण म्हटलं. ती खुश होती, नाकाला क्रीम लागलेलं, मैत्रिणी फोटो काढत होत्या.

दुपारी रूमवर आलो तेव्हा तिचं उत्तर होतं, "अरे थँक यूऽऽ! आला होता का तो प्रश्न, आणि बुराई विसरला नाहीस ना"

इथे पण काम आहे, कारण मेसेज हलका ठेवला आणि उत्तरावर वाहवत गेलो तर सगळं पाण्यात. तिने नदीचं विचारलं, नदीचंच उत्तर दिलं, "नाही विसरलो, बुराई शेवटी. बोरी-गिरणा मात्र एकजण अजून उलटी म्हणतो, त्याला परत शिकव." तिने हसण्याचा इमोजी टाकला. त्याच्यावर मी काही लिहिलं नाही. वाढदिवसाला माणसाच्या फोनवर शंभर मेसेज असतात, तिने एक जास्तीचा प्रश्न विचारला ह्यातच मला खूप आनंद झाला. आणि "यूऽऽ" मधल्या लांबलेल्या ऊचा मी काही अर्थ काढत नाहीये, ग्रुपवर सगळ्यांना तिने तसंच लिहिलंय.

१४ डिसेंबर

आज बामणोदजवळ मित्राच्या शेतात ग्रुपची भरीत पार्टी झाली. पऱ्हाटीवर वांगी भाजली, कांद्याची पात, कळण्याची भाकरी, ती पण आली होती. माझ्याशी जशी आधी बोलायची तशीच बोलली, वांगी सोलताना शेजारी बसली, बोट भाजलं तर "अरे पाणी आण ना" म्हणून ओरडली, मी पाणी आणलं. ती टाळत नाहीये, अवघडलेली नाहीये, म्हणजे मेसेज जसा पाहिजे होता तसा पोचला असं मी धरतो.

सांगायचं की नाही हा प्रश्न वेगळा आहे आणि तो ह्या कामात मिसळणार नाही. सांगायचं झालं तर परीक्षा झाल्यावर, साध्या दिवशी, समोर बसून, सरळ शब्दांत, जिथून तिला नाही म्हणून आरामात उठून जाता येईल अशा ठिकाणी. तोपर्यंत तिच्याकडून भूगोलाचा पुढचा धडा घ्यायचाय, कृष्णेच्या उपनद्या. ती म्हणाली मंगळवारी कोरा कागद घेऊन ये.